बोटात अंगठी, तरीही 'ऑन'

अंगठी मराठीत बोटात असते, इंग्रजीत ती 'ऑन द फिंगर' असते. बूट पायात आणि बांगड्या हातात असतात. इंग्रजीत दोन्हींना 'ऑन' लागतं. उलट, मराठीतला पक्षी झाडावर बसतो आणि इंग्रजीतला 'इन द ट्री'. 'त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन' हे समीकरण पाठ केलेला विद्यार्थी 'रिंग इन द फिंगर' आणि 'बर्ड ऑन द ट्री' असं लिहितो. वही लाल होते, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे त्याला कळत नाही. खरं तर त्याने मराठी वाक्य नीट वाचलेलं असतं आणि इंग्रजी शब्दही त्याला माहीत असतात. चूक त्या दोहोंमधल्या समीकरणात असते.

'इन', 'ऑन' आणि 'ॲट' हे इंग्रजीत नामाच्या आधी सुटे उभे राहणारे शब्द आहेत. मराठीत हेच काम नामाच्या मागे जोडलेल्या प्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी होतं. त्यासाठी आधी नामाचं सामान्यरूप करावं लागतं: रस्ता – रस्त्यावर, शाळा – शाळेत, पाणी – पाण्यात. 'त' हा सप्तमीचा प्रत्यय. 'घरी', 'दारी', 'सकाळी' यांतला 'ई' हाही सप्तमीचाच. 'ला' हा द्वितीया-चतुर्थीचा, तर 'वर', 'मध्ये', 'जवळ', 'पाशी', 'कडे' ही शब्दयोगी अव्ययं. म्हणजे इंग्रजीकडच्या तीन शब्दांसमोर मराठीची अशी मोठी फौज उभी आहे. तिथे एकास एक जोडी लागणं शक्यच नाही.

जोडी लावण्याऐवजी इंग्रजी वक्ता त्या जागेकडे कसा पाहतो, हे विचारणं उपयोगाचं ठरतं. जागेला हद्द आहे, आत पोकळी किंवा क्षेत्र आहे आणि वस्तू त्या हद्दीच्या आत आहे, असं दिसलं की 'इन' येतो. जागा म्हणजे पृष्ठभाग किंवा रेषा आहे आणि वस्तू तिला टेकलेली, चिकटलेली किंवा लटकलेली आहे, असं दिसलं की 'ऑन' येतो. जागेचा आतबाहेर असा तपशीलच नको असेल, नकाशावरच्या टिंबासारखं नुसतं ठिकाण सांगायचं असेल, तेव्हा 'ॲट' येतो. मराठीही जागेकडे पाहते, पण तिची नजर पुष्कळदा वेगळ्या गोष्टीवर पडते.

'ऑन'मध्ये हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. टेबलावर पुस्तक, भिंतीवर घड्याळ, तिसऱ्या मजल्यावर घर, पाचव्या पानावर चित्र: इथे 'वर' आणि 'ऑन' हातात हात घालून चालतात. पण छताला पंखा असतो, शर्टाला बटण असतं, दाराला कडी असते, खुंटीला पिशवी अडकवलेली असते, फांदीला आंबे लागलेले असतात. मराठी इथे जोडलेपणाकडे बघते आणि 'ला' लावते. वस्तू आधारावर टेकली आहे की आधाराला धरून आहे, हा भेद तिला महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीला तो वाटत नाही, तिथे सगळीकडे 'ऑन'च: 'फॅन ऑन द सीलिंग', 'बटन ऑन द शर्ट', 'मँगोज ऑन द ब्रँच'. 'ला' दिसला की 'टू' लिहिण्याची सवय असलेल्याचा पाय नेमका इथेच घसरतो.

अंगावर घालायच्या वस्तूंचा गट तिसरा. अंगठी, बूट, बांगडी, मोजा यांच्याबाबतीत मराठी बघते ते शरीराचा भाग आणि वस्तू एकमेकांत गुंततात याकडे, म्हणून बोटात, पायात, हातात. तसं पाहिलं तर बोट अंगठीत जातं, अंगठी बोटात जात नाही. तरीही मराठी 'त' हाच प्रत्यय बोटाला लावते, आणि कोणालाही ते खटकत नाही. इंग्रजी मात्र बघते ते अंगठी कशाच्या आधाराने राहिली आहे याकडे. बोट हा आधार, म्हणून 'ऑन'. टोपी डोक्यावर असते तिथे दोन्ही भाषा जुळतात. गजरा केसांत असतो तिथेही जुळतात, कारण इंग्रजीतही फूल 'इन हर हेअर' असतं. गळ्यातली माळ मात्र दोन्ही रस्ते सोडून 'अराउंड द नेक' होते. तेव्हा 'ऑन'साठी मराठीत निदान तीन घरं आहेत: टेकलेल्याला 'वर', जोडलेल्याला 'ला' आणि अंगावर चढवलेल्याला बहुधा 'त'.

हा गोंधळ मराठी माणसाच्या वाट्याला एकट्यालाच आलेला नाही. मेलिसा बॉवरमन आणि एरिक पेडरसन या भाषावैज्ञानिकांनी टेबलावरचा कप, बोटातली अंगठी, भिंतीवरचं चित्र अशा 71 साध्या रेखाचित्रांचा संच तयार केला. वेगवेगळ्या भाषकांना ही चित्रं दाखवून 'वस्तू कुठे आहे' एवढंच विचारायचं, अशी ती पद्धत आहे. इंग्रजी जिथे एकट्या 'ऑन'वर भागवते, तिथे तिची सख्खी शेजारीण डच तीन शब्द वापरते: टेबलावरच्या कपाला एक, दाराला जोडलेल्या मुठीला दुसरा आणि बोटातल्या अंगठीला तिसरा. स्पॅनिश उलट्या टोकाला. पेटीतली वस्तू आणि टेबलावरची वस्तू या दोन्हींसाठी तिला एक 'एन' पुरतो. जग सगळ्यांसमोर तेच आहे. त्याचे गट कुठे पाडायचे, हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलं आहे.

'वर'ची आणखी एक बाजू आहे. मराठीत 'टेबलावर दिवा आहे' म्हटलं की दिवा टेबलाला टेकलेला असेल किंवा टेबलाच्या डोक्यावर लोंबतही असेल. संशय टाळायचा तर मराठी माणूस 'टेबलाच्या वर' असं म्हणतो. मध्ये 'च्या' आला की स्पर्श सुटतो. इंग्रजीला हा भेद शब्दातच करावा लागतो. स्पर्श असेल तर 'ऑन', नसेल तर 'अबव्ह' किंवा 'ओव्हर'. म्हणून 'पंखा डोक्यावर फिरतोय' हे वाक्य 'ऑन माय हेड' असं नेलं, तर पंखा टाळूला टेकल्याचा अर्थ निघतो. 'वर' दिसला की मनातल्या मनात 'च्या वर' म्हणून पाहावं. ते चालत असेल, तर 'ऑन' नको.

'इन' तुलनेने सोपा आहे. खोलीत, पेटीत, गावात, पाण्यात, उन्हात, पावसात, रांगेत, फोटोत: इथे 'त' आणि 'इन' जुळतात. काही जुळण्या तर सुखद आहेत. हातांच्या आरामखुर्चीत माणूस बसतो तेव्हा इंग्रजीतही 'इन ॲन आर्मचेअर', आणि साध्या खुर्चीवर बसतो तेव्हा 'ऑन अ चेअर'. शेतात 'इन द फील्ड' आणि शेतावर 'ऑन द फार्म'. दोन्ही भाषांना इथे एकच गोष्ट दिसली आहे.

झाडावरचा पक्षी मात्र अडवतो. मराठीसाठी झाड म्हणजे चढून बसायची उंच जागा. इंग्रजीसाठी फांद्या आणि पानं मिळून एक घेर होतो आणि पक्षी त्या घेराच्या आत असतो, म्हणून 'इन द ट्री'. झाडाचाच भाग असलेली फळं आणि पानं मात्र 'ऑन द ट्री', आणि पक्षी एका ठरावीक फांदीवर दाखवायचा झाला की तोही 'ऑन द ब्रँच'. रस्त्याचंही असंच. 'वाटेत मित्र भेटला' यातली वाट मराठीला दोन टोकांमधला पट्टा वाटते, तर इंग्रजीला ती रेषा वाटते, म्हणून 'ऑन द वे'. 'इन द वे' असं लिहिलं तर शब्द बरोबर दिसतात, पण अर्थ होतो 'वाटेत आडवा आला', आणि तो मित्र बिचारा अडथळा ठरतो.

वाहनांचं प्रकरण चुकांचं आगर आहे. मराठी माणूस बसमध्ये, लोकलमध्ये, विमानात, रिक्षात, गाडीत बसतो. सगळीकडे 'त' किंवा 'मध्ये'. इंग्रजीत बस, रेल्वे, विमान आणि जहाज यांना 'ऑन', तर मोटार, टॅक्सी आणि रिक्षा यांना 'इन'. ओळखण्याची खूण अशी: ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं, त्याला सामान्यतः 'ऑन' लागतो. ज्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं, त्याला 'इन'. म्हणूनच होडी लहान असेल तर 'इन' आणि मोठं जहाज असेल तर 'ऑन'. चढण्या-उतरण्याची क्रियापदंही हीच विभागणी पाळतात: बसमधून 'गेट ऑफ', मोटारीतून 'गेट आउट ऑफ'. सायकल आणि घोडा यांच्यावर मराठीतही 'वर' बसावं लागतं, त्यामुळे तिथे 'ऑन' आपोआप येतो. बसला 'इन' अगदीच चालत नाही असं नाही. बसच्या आत किती उकाडा आहे हे सांगताना तो योग्यच ठरतो, कारण तिथे बस हे वाहन नसून एक बंद जागा असते. प्रवास सांगायचा असेल, तेव्हा मात्र 'ऑन'.

'ॲट'ला मराठीत स्वतःचं असं घरच नाही, म्हणून तो सर्वांत जास्त छळतो. स्टेशनवर, शाळेत, घरी, दारात, टेबलाशी, मामाकडे: मराठीची पाच वेगवेगळी रूपं, आणि इंग्रजीत सहाही ठिकाणी 'ॲट' बसू शकतो. मराठी प्रत्यय त्या त्या जागेच्या स्वभावाप्रमाणे ठरतो. स्टेशन हा फलाट, म्हणून 'वर'. शाळा ही इमारत, म्हणून 'त'. मामा हा माणूस, म्हणून 'कडे'. 'ॲट'ला हा स्वभाव नकोच असतो. माणूस या क्षणी कोणत्या टिंबावर आहे, किंवा तिथल्या नेहमीच्या कामात गुंतला आहे का, एवढंच त्याला सांगायचं असतं. 'मुलगी शाळेत आहे' म्हणजे शिकायला गेली आहे, तर 'ॲट स्कूल'. पाऊस आला म्हणून सगळे शाळेच्या इमारतीत शिरले, तर 'इन द स्कूल'. मराठीत दोन्ही वेळा 'शाळेत'. दोन वाक्यांतला फरक प्रत्ययातून कळत नाही, तो प्रसंगातून काढावा लागतो. 'स्टेशनवर' या शब्दाला भुलून 'ऑन द स्टेशन' लिहिणं ही तर सर्वाधिक दिसणारी चूक. 'ऑन' हवाच असेल तर तो फलाटाला लावावा: 'ऑन द प्लॅटफॉर्म'.

गावांच्या बाबतीत एक जुना नियम अजून शाळांत ऐकू येतो: मोठ्या शहराला 'इन', लहान गावाला 'ॲट'. तो सोडून दिलेला बरा. आजच्या इंग्रजीत गाव लहान असो की मोठं, तिथे राहणं 'इन'नेच सांगतात, कारण माणूस त्या क्षेत्राच्या आत राहतो. 'पुण्याला राहतो' यातल्या 'ला'मुळे कुणाला 'टू' सुचतो, कुणाला 'ॲट'. दोन्ही चूक. पेठेला, उपनगराला, जिल्ह्याला 'इन'च. 'ॲट' येतो तो गाव प्रवासातलं टिंब झालं की: गाडी मनमाडला थांबते, तिथे 'स्टॉप्स ॲट मनमाड'. पत्त्यात घरक्रमांक आला की जागा पुन्हा टिंब होते आणि 'ॲट' परततो. नुसत्या रस्त्याचं नाव असेल तर अमेरिकी माणूस 'ऑन' म्हणतो. ब्रिटिश माणूस 'स्ट्रीट'ला पुष्कळदा 'इन' लावतो. पुण्यात लक्ष्मी रोडवर दुकान असलेल्याने निर्धास्त 'ऑन' म्हणावं.

'ॲट'चा एक वेगळा वापर नेम धरण्याचा आहे. 'लुक ॲट', 'लाफ ॲट', 'शाउट ॲट': क्रियेचा रोख ज्याच्याकडे आहे, त्याच्याआधी 'ॲट'. मराठीत याच तिघांसाठी तीन वाटा आहेत: कोणाकडे बघतात, कोणाला हसतात, कोणावर ओरडतात. चेंडू मित्राकडे टाकला तर 'थ्रो टू', कारण त्याने तो झेलायचा आहे. दगड कुत्र्याला मारला तर 'थ्रो ॲट', कारण तिथे कुत्रा हे लक्ष्य आहे. क्रियापद आणि त्यामागचा शब्द इथे जोडीनेच शिकावा लागतो. प्रत्ययावरून तर्क करून भागत नाही.

काळाच्या बाबतीत इंग्रजीची पद्धत बरीच नियमित आहे. घड्याळातल्या वेळेला 'ॲट', दिवस आणि तारखेला 'ऑन', महिना, ऋतू आणि वर्ष यांना 'इन'. लहान टिंबाकडून मोठ्या हद्दीकडे जाणारी ही चढती कमान आहे. मराठी कमान वेगळी: पाच वाजता, सोमवारी, पाडव्याला, मे महिन्यात, 1960 साली. 'सकाळी', 'दुपारी', 'रात्री' हे मराठीत एकाच साच्यातले, तर इंग्रजीत 'इन द मॉर्निंग', 'इन द आफ्टरनून', पण 'ॲट नाइट'. या शेवटच्यासाठी कारण शोधत बसण्यापेक्षा तो पाठ करणं श्रेयस्कर. मात्र दिवस जोडीला आला की दिवसाचंच चालतं: 'सोमवारी सकाळी' म्हणजे 'ऑन मंडे मॉर्निंग', तिथे 'इन' उरत नाही. सणांत काळ आणि दिवस वेगळे पडतात. 'दिवाळीत' म्हणजे सणाच्या दिवसांत, तेव्हा 'ॲट दिवाळी'. 'लक्ष्मीपूजनाला' म्हणजे ठरलेल्या एका दिवशी, तेव्हा 'ऑन'. 'पुढच्या सोमवारी', 'गेल्या वर्षी', 'आज सकाळी' यांना इंग्रजीत काहीच लागत नाही. मराठीतला 'ई' पाहून तिथे 'ऑन' किंवा 'इन' घुसवला जातो, तो काढून टाकावा.

एक जुळणी इतकी नेमकी आहे की ती लक्षात ठेवावीच. 'वेळेवर' म्हणजे 'ऑन टाइम', ठरल्या वेळेला. 'वेळेत' म्हणजे 'इन टाइम', उशीर व्हायच्या आत. इथे 'वर' आणि 'त' डोळे मिटून उतरवता येतात. पण 'तासाभरात' आणि 'तासाभराने' या जोडीत तीच सवय घात करते. 'तासाभराने येईन' म्हणजे आत्तापासून एक तास झाल्यावर, आणि इंग्रजीत त्यालाच 'इन ॲन आवर' म्हणतात. 'तासाभरात येईन' म्हणजे तास पुरा व्हायच्या आत कधीही. त्याला 'विदिन ॲन आवर'. मराठी माणूस 'इन ॲन आवर' ऐकतो आणि 'तासाभरात' समजतो, मग चाळीसाव्या मिनिटापासून दाराकडे बघत राहतो. सांगणारा मात्र साठाव्या मिनिटाला येतो आणि आपण अगदी वेळेवर आलो असं मानतो.

आता एक साधा निरोप पूर्ण उतरवून पाहता येईल. 'मी रविवारी सकाळी साडेदहा वाजता पुण्याला पोहोचेन. सध्या गाडीतच आहे. स्टेशनवर येऊ नका, मी रिक्षाने येईन. बॅग दारात ठेवून अर्ध्या तासाने परत बाहेर पडेन, पण संध्याकाळी घरीच आहे.'

'रविवारी सकाळी' म्हणजे दिवसासह सकाळ, म्हणून 'ऑन संडे मॉर्निंग'. 'साडेदहा वाजता' ही घड्याळातली वेळ, म्हणून 'ॲट हाफ पास्ट टेन'. 'पुण्याला पोहोचेन' इथे दोन वाटा आहेत. 'रीच' घेतलं तर पुढे काहीच नको, नुसतं 'रीच पुणे'. 'अराइव्ह' घेतलं तर शहर हे क्षेत्र, म्हणून 'इन पुणे'. 'टू' दोन्हींत नाही. 'गाडीत' या शब्दापाशी थांबून गाडी म्हणजे काय हे विचारावं लागतं. पुढे स्टेशन येतं, म्हणजे ती रेल्वे, म्हणून 'ऑन द ट्रेन'. मोटार असती तर 'इन द कार' झालं असतं. 'स्टेशनवर येऊ नका' यात यायची क्रिया आहे, म्हणून 'कम टू द स्टेशन'. तेच 'स्टेशनवर थांबू नका' असतं तर 'वेट ॲट द स्टेशन'. एकच 'स्टेशनवर', पण क्रियापद बदललं की इंग्रजीतला शब्द बदलतो. 'रिक्षाने' हे साधन, म्हणून 'बाय रिक्षा', किंवा वाहनात बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणायचा असेल तर 'इन अ रिक्षा'. 'दारात' मराठीला उंबऱ्याची चौकट दिसते, इंग्रजीला एक टिंब: 'ॲट द डोअर'.

'अर्ध्या तासाने' वाचताच नुकताच शिकलेला 'इन हाफ ॲन आवर' ओठांवर येतो, आणि इथे तो चुकतो. असा 'इन' बोलण्याच्या क्षणापासून काळ मोजतो. निरोपातला अर्धा तास मोजायचा आहे तो बॅग ठेवल्यापासून. म्हणून 'हाफ ॲन आवर लेटर'. मराठी 'ने' दोन्हीकडून मोजायला तयार असतो. 'संध्याकाळी' म्हणजे 'इन द इव्हनिंग'. आणि 'घरी' म्हणजे 'ॲट होम': दिवसभराच्या हिंडण्यानंतर माणूस कुठे सापडेल, एवढंच सांगायचं आहे.